मधल्या फळीतला धावता माणूस

मारुंजीत रात्री साडेदहाला टर्फवर मॅच सुरू होते, तेव्हा हिंजवडीतली दुसरी शिफ्ट सुटून पोरं थेट इथे आलेली असतात. वीस वर्षांपूर्वी याच रस्त्याच्या कडेला भातखाचरं होती आणि फुटबॉल म्हणजे शाळेच्या मैदानावर पावसाळ्यात चिखलात घातलेला धुडगूस होता. आता जाळीच्या आत दिव्यांचा लखलखाट आहे, अंगावर लिव्हरपूल-चेल्सीचे टी-शर्ट आहेत आणि दर तिसरा पोरगा स्वतःला ‘बॉक्स-टू-बॉक्स’ म्हणवतो. आपल्या पेनल्टी बॉक्सपासून समोरच्या बॉक्सपर्यंत जायचं, गोल मारायचा किंवा हुकवायचा आणि पुन्हा आपल्या बॉक्सपर्यंत यायचं, अशी ही नोकरी. या वीस वर्षांत ती आपल्या डोळ्यांदेखत बरीच बदलली, म्हणून हा मागोवा.

आमच्याकडच्या पोरांना हे काम खऱ्या अर्थाने समजलं ते बहुधा 2005च्या मे महिन्यात. इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फायनल आपल्याकडे मध्यरात्री सव्वाबाराला सुरू झाली होती. एसी मिलानने पहिल्या अर्ध्यात लिव्हरपूलला तीन गोल घातले. दुसऱ्या अर्ध्यात लिव्हरपूलने तीन गोल फेडले आणि पेनल्टींवर सामना जिंकला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना आठवतो तो स्टीव्हन जेरार्डचा हेडर. मध्यंतरात राफा बेनिटेझने बचावपटू फिननला काढून डिट्मार हामानला उतरवलं, हे मात्र कमी जणांना आठवतं. खरी गोष्ट तिथेच घडली. पहिल्या अर्ध्यात काका मधल्या मोकळ्या जागेत मनसोक्त फिरत होता आणि त्याला आवरण्यात लिव्हरपूलची मधली फळी गुंतून पडली होती. हामान ती जागा धरून बसला, आणि जेरार्डला पुढे जायची मुभा मिळाली.

54व्या मिनिटाला रीसेने डावीकडून क्रॉस मारला. तो कफूने अडवला, चेंडू परत रीसेकडे आला आणि त्याने पुन्हा उचलून टाकला. जेरार्ड बॉक्सच्या मध्यावर मोकळा उभा होता, हेडर गोलात गेला. सहा मिनिटांनी बारोशने टाचेने सोडलेल्या चेंडूवर तोच जेरार्ड पुन्हा बॉक्समध्ये घुसला, मागून गत्तुसोने पाडलं आणि पेनल्टी मिळाली. आणि जादा वेळेत हाच माणूस उजव्या बगलेला बचावाला उभा होता, कारण ताज्या पायांचा सर्जिन्यो तिथून सारखा चढत होता. एका सामन्यात एका माणसाने दोन्ही बॉक्स सांभाळले. पण त्याच्या त्या दोन धावांचं भाडं हामानने भरलं होतं. आमच्या पोरांनी यातला जेरार्ड तेवढा उचलला.

पुढची काही वर्षं पुण्याला बालेवाडी मिळाली. पुणे एफसी 2009-10 मध्ये आय-लीगमध्ये तिसरा आणि 2012-13 मध्ये दुसरा आला. मारुंजीहून बालेवाडी फार लांब नाही, आणि क्लबची अकादमीही पलीकडे मामुर्डीला होती. त्या संघात अराता इझुमी होता. जन्म जपानचा, वडील गुजराती वंशाचे. जपानचा पासपोर्ट सोडून त्याने भारतीय नागरिकत्व घेतलं आणि 2013 मध्ये कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध भारताकडून खेळला. स्टँडमध्ये बसून मॅच बघायचा एक मोठा फायदा टीव्हीवर नसतो. चेंडू नसलेला माणूस काय करतोय ते दिसतं. अरातासारखा खेळाडू बघताना लक्षात यायचं की तो सतत धावत नाही. तो बराच वेळ चालतो.

दमसासाचा हिशोब इथून सुरू होतो. मोठ्या मैदानावर मधल्या फळीतला खेळाडू 90 मिनिटांत साधारण 10 ते 12 किलोमीटर अंतर कापतो. त्यातलं बहुतेक चालणं आणि हलकं पळणं असतं. खऱ्या जोरकस धावांचं अंतर जेमतेम किलोमीटरभर भरतं. पण थकवतात त्या धावाच, कारण त्या स्नायूंमधला साखरेचा साठा झपाट्याने उपसतात आणि तो साठा सामन्यात पुन्हा भरत नाही. मैदान 105 मीटरचं धरलं तर दोन्हीकडचे साडेसोळा मीटरचे बॉक्स वजा जाता मधे 72 मीटर उरतात. हे अंतर सुसाट कापायला 10-12 सेकंद लागतात, आणि तेवढंच परत यायचं असतं. सलग दोनदा हे केलं की तिसऱ्या वेळी पाय ऐकत नाहीत. म्हणून मुरलेला खेळाडू एकदा वर जाऊन आला की पुढच्या हल्ल्याला जोडीदाराला सोडतो आणि स्वतः मधल्या वर्तुळाच्या मागे उभा राहतो. चेंडू बाहेर गेला, गोलकिक झाली, कोणी बुटाची नाडी बांधत बसला, या सगळ्या वेळा तो श्वासासाठी वापरतो. परत येतानाही चेंडूमागे धावत नाही, तिरका कापून सरळ आपल्या बॉक्ससमोरच्या जागेवर येतो. चेंडू तिथेच येणार हे त्याला ठाऊक असतं.

कोण दमलाय हे ओळखायचं असेल तर वेग बघून उपयोग नाही. वेग शेवटी जातो. आधी जाते ती मान. ताजा खेळाडू चेंडू येण्याआधी दोनदा तरी खांद्यावरून मागे बघतो. दमलेला बघत नाही आणि चेंडू पायात आल्यावर दचकतो. त्यानंतर मागून फाउल सुरू होतात, कारण माणूस एक पाऊल उशिरा पोहोचायला लागतो. पोटरीत गोळे यायचे ते सगळ्यात शेवटी. आमच्याकडे रविवारी सकाळी आठला मिसळ हाणून नऊला मैदानात उतरायची पद्धत आहे. तिचा परिणाम विसाव्या मिनिटालाच दिसतो, त्याला शास्त्र लागत नाही.

2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि बालेवाडीत एफसी पुणे सिटी खेळायला लागला. त्रेझगेचं नाव ऐकून लोक आले. मधल्या फळीत ग्रीसचा कोस्तास कात्सुरानिस होता. 2004ची युरो स्पर्धा जिंकणाऱ्या संघातला, तेव्हा पस्तिशीचा. त्या वयाच्या माणसाला उगाच घालवायला एकही धाव परवडत नाही. बॉक्समध्ये उशिरा शिरायची धाव, ज्याला आमची पोरं ‘लेट रन’ म्हणतात, ती कशी करायची हे अशांकडूनच शिकावं.

समजा आपला विंगर उजव्या बगलेला, गोललाइनपासून पंचवीस मीटरवर चेंडू घेऊन उभा आहे. तुम्ही गोलपासून तीस मीटरवर, मध्यात आहात. तुम्हाला पोहोचायचंय ते अकरा मीटरवरच्या पेनल्टी स्पॉटच्या आसपास, म्हणजे अठरा-एकोणीस मीटर. त्याला तीन सेकंद लागतात. विंगरला बचावपटूला चकवून गोललाइनपर्यंत जाऊन चेंडू मागे ओढायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे तुमची धाव विंगर माणूस चकवतो त्या क्षणी सुरू व्हायला हवी. त्याला चेंडू मिळतो त्या क्षणी नाही, आणि तो क्रॉस मारतो त्या क्षणी तर नाहीच. चेंडू मिळताच निघालात तर दोन सेकंद आधी स्पॉटवर पोहोचून उभे राहता. उभा माणूस बचावपटूला दिसतो, तो हात लावून तुम्हाला पकडून ठेवतो. वेळेवर निघालात तर बचावपटू तोंड स्वतःच्या गोलकडे करून मागे धावत असतात, त्यांची पाठ तुमच्याकडे असते आणि मागे ओढलेला चेंडू बरोबर त्यांनी सोडलेल्या जागेत येतो. अशा पासला ऑफसाइडची भीतीही नसते, कारण तुम्ही चेंडूच्या मागे असता. फ्रँक लॅम्पार्डने मधल्या फळीतून चेल्सीसाठी 211 गोल केले, त्यात या घड्याळाचा वाटा मोठा आहे. त्याचे पाय काही विजेसारखे नव्हते.

ही धाव दहापैकी सात-आठ वेळा वाया जाते. चेंडू येत नाही, क्रॉस अडतो, आघाडीपटू आधी फटका मारून मोकळा होतो. मग समोरचा संघ चेंडू घेऊन निघतो आणि तुम्ही त्यांच्या बॉक्समध्ये असता. तेव्हा मागे कोण आहे, हा प्रश्न तुम्ही निघण्याआधी सुटलेला असायला हवा. याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर पुण्याने नव्हे, गोव्याने दिलं. लेनी रॉड्रिग्ज हा गोव्याचा पोरगा पुणे सिटीकडूनही खेळला होता. सर्जियो लोबेराच्या एफसी गोवामध्ये तो अहमद जाहूच्या बाजूला खेळायला लागला. जाहू मागे राहून लांब पास मारायचा. लेनी त्याच्याभोवतीची सगळी जमीन झाकायचा, पण गोल फारसे त्याच्या नावावर नाहीत. त्याच्या पळण्यामुळे बूमूस आणि कोरो वर मोकळे राहायचे आणि मंदार राव देसाई डावीकडून बिनधास्त चढायचा. 2019-20 च्या मोसमात त्या संघाने साखळीतल्या 18 सामन्यांत 46 गोल केले आणि लीग शील्ड जिंकली. बॉक्स-टू-बॉक्स म्हटलं की आपण गोल मोजतो. लेनीला मोजायचं असेल तर समोरच्या संघाने किती वेळा प्रतिहल्ला सुरूच केला नाही ते मोजावं लागेल, आणि ते टीव्हीवर कोणी दाखवत नाही.

तोवर पुण्याची गोष्ट संपली होती. 2018 मध्ये पुणे सिटी उपांत्य फेरीत पोहोचला, बालेवाडीत 0-0 आणि बंगळुरूत छेत्रीची हॅट-ट्रिक, 3-1. पुढच्या वर्षी क्लब बंद पडला आणि ती जागा हैदराबादला गेली. बालेवाडीला जायचं कारण संपलं, आणि नेमकी त्याच सुमारास मारुंजी-हिंजवडीत टर्फची लाट आली.

2020 मध्ये कोविडमुळे तीनऐवजी पाच बदली खेळाडूंची मुभा मिळाली आणि 2022 पासून ती नियमातच आली. माझ्या मते या कामावर गेल्या वीस वर्षांत झालेला हा सगळ्यात मोठा परिणाम. पूर्वी बॉक्स-टू-बॉक्स खेळाडूला 90 मिनिटांसाठी दम वाटून खर्चावा लागे. आता प्रशिक्षक त्याला सांगतो, पासष्ट मिनिटं सगळं ओत, मग मी दुसरा उतरवतो. त्यामुळे धावा वाढल्या, पण चालण्यातली ती जुनी हुशारी कमी दिसते.

आणि टर्फवर ती अजिबात शिकता येत नाही. मैदान जेमतेम तीस-पस्तीस मीटरचं, बदल्या वाटेल तेवढ्या, ऑफसाइड नाही. 72 मीटर जाऊन परत येणं हा प्रकारच नाही. तीन सेकंद थांबायलाही जागा नाही, दोन पावलांत तुम्ही गोलसमोर. परवा इथला एक टर्फवरचा तारा मोठ्या मैदानावर अकरा जणांच्या मॅचला आला. पहिल्या दहा मिनिटांत चार वेळा समोरच्या बॉक्समध्ये. जोडीदार ओरडत होता, “अरे वर गेलास तर मागे कोण राहणार?” पस्तिसाव्या मिनिटाला त्याने खांद्यावरून बघणं सोडलं, पंचेचाळिसाव्याला मागून एक फाउल केला आणि त्यावरच्या फ्रीकिकवर गोल खाल्ला.

अशा पोरांसाठी एक सराव उपयोगी पडतो. पूर्ण मैदान लागतं, म्हणून महिन्यातून दोनदाच जमतो. दोन मिडफिल्डर, एक विंगर, दोन बचावपटू. विंगर बचावपटूला चकवेपर्यंत दोघांपैकी कोणी हलायचं नाही. मग एकानेच निघायचं, आणि कोण ते त्यांनीच ओरडून ठरवायचं. गोल होवो न होवो, गेलेल्याने परत मधल्या रेषेमागे येईपर्यंत दुसरी फेरी सुरू होत नाही, आणि पुढच्या फेरीत त्याने राहायचं. पहिल्या दिवशी दोघेही निघतात. दुसऱ्या दिवशी दोघेही थांबतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुठे “मी!” असा एकच आवाज येतो.