जलसा रद्द, सौदा कायम : मय्यतीनंतरची सूचना कशी लिहावी

घरात मय्यत झाली की ठरलेला जलसा होत नाही, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. अडचण येते ती पुढे. जलशाच्या निमित्ताने गिऱ्हाइकांकडून बयाना घेतलेला असतो, भाव कबूल केलेला असतो, आणि शटरवर मात्र दोन ओळींचा कागद लागतो : "घरातील दुःखद घटनेमुळे कार्यक्रम रद्द. पैसे परत मिळतील." पैसे कोण देणार, केव्हा देणार, आणि कबूल केलेल्या भावाचे काय, यांपैकी एकाही गोष्टीचा त्यात पत्ता नसतो. कापडाच्या धंद्यात आम्ही असे कागद पुष्कळ पाहिले आहेत.

एक हिशेब घेऊन पाहू. समजा, भिवंडीतील एका ठोक कापड दुकानाला २५ वर्षे झाली म्हणून रविवार, १२ जानेवारी २०२५ रोजी जलसा ठरला. ६४ दुकानदार व शिंपी बांधवांनी प्रत्येकी १,५०० रुपये बयाना दिला, म्हणजे एकूण ९६,००० रुपये. त्याबदली त्यांना सुटिंगच्या कापडावर मीटरमागे १० रुपये सूट कबूल झाली, जेवण दुकानाकडून. मंगळवारी, ७ तारखेला मालकाचा इन्तिकाल झाला. दुकान आणि बँकेचे खाते त्यांच्या एकट्याच्या नावावर. मागे बेवा व दोन मुलगे. बयान्यापैकी ३५,००० हॉलला आणि भटियाऱ्याला आगाऊ गेलेले, ४१,००० बँकेत, २०,००० गल्ल्यात.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. जलसा ही मेजवानी आहे, ती घरच्यांनी रद्द केली तर कुणाची तक्रार नाही. परंतु सुटीच्या भावाने कापड देणे हा सौदा आहे, आणि सौदा मालकाबरोबर दफन होत नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३७ सांगते की, करारातून वेगळा उद्देश दिसत नसेल तर माणसाने दिलेले वचन त्याच्या मृत्यूनंतर वारसांना बांधून राहते. माल पोचवण्याचे वचन वारसांनी पाळायचे असते. चित्रकाराने चित्र काढून देण्याचे वचन मात्र त्याच्याबरोबर संपते, कारण तो हुन्नर त्याच्या हातातला होता. कापड तर गोदामात पडलेले आहे. म्हणून "कार्यक्रम रद्द, पैसे घेऊन जा" एवढेच लिहून वारसांची सुटका होत नाही. पैसे हवेत की कापड, हे गिऱ्हाइकाने ठरवायचे. अर्थात वारसांची जबाबदारी मरहूमने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच असते, त्यांच्या स्वतःच्या कमाईवर ती येत नाही.

शरीयतच्या हिशेबानेही हा बयाना मरहूमवरचे कर्ज आहे. तरक्यातून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंत वसीयत, आणि उरेल ते वारसांत. म्हणजे गल्ल्यातील २०,००० रुपये मुलांनी वाटून घ्यायचे नाहीत; ते आधी देणेकऱ्यांचे. मालमत्तेपेक्षा देणे जास्त असेल तर एकाला पूर्ण आणि दुसऱ्याला काही नाही असे करू नये, सर्वांना ज्याच्या त्याच्या रकमेच्या प्रमाणात द्यावे. बयाना जप्त करण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. गिऱ्हाइकाने सौदा मोडला तरी बयाना खाणे हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत नाजायज मानले आहे. येथे तर त्याने मोडलेलाही नाही.

सूचनेत "दुसऱ्या दिवशी पैसे मिळतील" असे कधीही लिहू नये. खाते एकट्याच्या नावावर असेल तर मृत्यूची खबर पोचताच बँक ते थांबवते. मुलाकडे मुखत्यारनामा असला तरी तो मालकाच्या मृत्यूबरोबर संपतो आणि सही केलेले जुने चेकही चालत नाहीत. नामनिर्देशन असेल तर काम लवकर होते. पूर्ण कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण मृत्यूचा दाखला हाती येईपर्यंतच काही दिवस जातात. आणखी एक बाब घाईत हटकून राहून जाते : काउंटरवरचा क्यूआर कोड. तो त्याच खात्याचा असतो. लोक बाकी भरत राहतात आणि तो पैसा तिथे अडकतो. पहिल्याच दिवशी तो कागद उतरवून ठेवावा.

आता सही. दुकानाच्या नावाने, शिक्का मारून सूचना काढली तर गिऱ्हाइकाला वाटते धंदा पूर्वीसारखाच चालू आहे. तिघा वारसांनी संमती देऊन एकाने "वारसांतर्फे" अशी सही करावी. मजकूर असा असावा :

"आमचे वालिद, या दुकानाचे मालक, यांचा ७ जानेवारी २०२५ रोजी इन्तिकाल झाला. त्यामुळे रविवार, १२ जानेवारीचा जलसा रद्द केला आहे. नवी तारीख ठरलेली नाही. ठरल्यास याच फळ्यावर लावू. ज्यांनी १,५०० रुपये बयाना दिला आहे त्यांना कबूल भावाने कापड २८ फेब्रुवारीपर्यंत मिळेल व बयाना बिलात वळता होईल. ज्यांना रक्कम परत हवी असेल त्यांनी २० जानेवारीपर्यंत पावती दाखवून नाव लिहवावे. पूर्ण रक्कम १५ फेब्रुवारीपर्यंत रोख मिळेल. पावती हरवली असल्यास वहीतील नोंद पाहिली जाईल. जुन्या क्यूआर कोडवर पैसे पाठवू नयेत. – वारसांतर्फे, थोरला मुलगा."

समजा २२ जणांनी रक्कम मागितली. त्यांचे ३३,००० होतात आणि गल्ल्यात २०,००० आहेत. उरलेले १३,००० मुलांनी आपल्या खिशातून घालून ती रक्कम वहीत तरक्याकडून येणे म्हणून लिहावी, म्हणजे पुढे भावाभावांत वाद होत नाही. बाकीचे ४२ जण कापड घेतील, त्यांचे ६३,००० बिलात वळते होतील; तिथे रोकड लागत नाही. नाव लिहवण्याची २० जानेवारीची मुदत यासाठीच ठेवली की रोकड किती लागणार हे आधी कळावे. मात्र मुदत चुकली म्हणून कुणाचा हक्क जात नाही. उशिरा आलेल्यालाही त्याचे पैसे द्यावेच लागतात.

मजकुरात "रद्द" हा शब्द मुद्दाम घातला आहे. उर्दूत आपण मुल्तवी आणि मन्सूख यांत फरक करतो. मराठी फलकावर दोन्हींची सरमिसळ होते आणि गिऱ्हाईक नव्या तारखेची वाट पाहत बसते. तारीख हाती नसेल तर "पुढे ढकलला" लिहू नये.

नवी तारीख ठरवताना बेवेची इद्दत पाहावी लागते. सोग इतरांना तीन दिवस, तिला चार महिने दहा दिवस. चांद्र महिन्याच्या मध्ये मृत्यू झाला तर हनफी हिशेबाने १३० दिवस धरतात, म्हणजे वरील उदाहरणात १७ मेच्या आसपास. कोकणातील शाफई घरांत चांदाप्रमाणे मोजल्यास एखाद-दोन दिवस इकडे तिकडे होतात, ते आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. इद्दतीत मुलांनी जलसा करणे हराम ठरत नाही, पण आई आत सोगात आणि दारात मंडप, हे आम्हाला तरी पटत नाही. त्यातही २०२५ ची बकरी ईद ७ जूनला होती आणि मागोमाग पाऊस. तेव्हा मेची शेवटची आठवण साधली नाही, तर तारीख सरळ दिवाळीनंतरच ठेवावी लागली असती.

राहिले हॉल आणि भटियारा यांचे ३५,०००. हॉल त्या दिवशी उपलब्ध होताच, त्यामुळे करार अशक्य झाला असे म्हणून पूर्ण रक्कम मागता येत नाही. मात्र हॉलवाल्यालाही वाजवी नुकसानीपलीकडे ठेवून घेता येत नाही, आणि ती तारीख त्याने दुसऱ्याला दिली असेल तर त्याचे नुकसान फारसे उरतच नाही. भटियाऱ्याने अजून गोश्त आणि तांदूळ भरलेला नसेल तर तो बहुधा ऐकतो, म्हणून त्याला निरोप त्याच दिवशी जावा. या ३५,००० मध्ये जी खोट येईल ती दुकानाची. गिऱ्हाइकाच्या १,५०० मधून तिचा एक रुपयाही कापू नये.