देखभालीच्या रात्री सगळे जॉब थांबवणारी एकच कळ

लिनक्स सर्व्हरवर ठरावीक वेळी आपोआप होणारी बहुतेक कामे ‘क्रॉन’ नावाचा प्रोग्राम चालवतो. कोणते काम कधी सुरू करायचे हे क्रॉनटॅब नावाच्या यादीत एकेका ओळीने लिहिलेले असते आणि क्रॉन दर मिनिटाला ती यादी पाहून वेळ झालेली कामे सुरू करतो. एखाद्या पतसंस्थेचा सर्व्हर घेतला, तर रात्री साडेअकराला दिवसाचे व्याज मोजणे, दर पाच मिनिटांनी खातेदारांचे एसएमएस पाठवणे आणि पहाटे दोनला बॅकअप घेणे अशा ओळी त्यात सापडतील. आता समजा शनिवारी रात्री अकरा ते पहाटे तीन या वेळेत डेटाबेसची आवृत्ती बदलायची आहे. या चार तासांत यातले एकही काम डेटाबेसला हात लावता कामा नये. अर्धवट बदललेल्या टेबलांवर व्याज मोजले गेले, तर ते निस्तरायला आवृत्ती बदलण्यापेक्षा जास्त वेळ जाईल.

सर्वाधिक रूढ उपाय म्हणजे यादी उघडून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला # टाकणे आणि काम झाले की ती चिन्हे काढणे. तीन ओळी असतील तर हे जमते. चाळीस ओळी चार वापरकर्त्यांच्या वेगवेगळ्या याद्यांत आणि `/etc/cron.d` मध्ये विखुरलेल्या असतील, तर पहाटे तीनला झोपाळलेल्या माणसाकडून एखादे # राहून जाते. उलटा प्रकार जास्त घातक असतो. सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी जाणूनबुजून बंद केलेली ओळही बाकीच्यांबरोबर पुन्हा चालू होते, कारण कोणते # आजचे आणि कोणते जुने हे चिन्हाकडे पाहून कळत नाही. त्यात यादी संपादित करणारी आज्ञा `crontab -e` आणि अख्खी यादी पुसणारी `crontab -r`. ही दोन अक्षरे कीबोर्डवर शेजारी आहेत आणि पुसण्यापूर्वी क्रॉन सहसा काही विचारत नाही.

मग क्रॉनच बंद का करू नये? करता येतो, पण त्याबरोबर डिस्क भरत आली की इशारा देणारे कामही थांबते आणि देखभालीच्या रात्री तेच सर्वात हवे असते. शिवाय देखभालीत सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागला, तर नुसता थांबवलेला क्रॉन सर्व्हरबरोबर परत उठतो आणि काम अर्धे झालेले असतानाच जॉब धावू लागतात.

याद्यांना हात न लावता सगळे थांबवण्याची सोपी रीत म्हणजे प्रत्येक कामापुढे एक छोटी तपासणी बसवणे. एक स्क्रिप्ट लिहायची आणि यादीतली प्रत्येक आज्ञा तिच्यामार्फत चालवायची:

```
#!/bin/sh
exec 9</var/lib/jobs.lock
flock -s 9
if [ -e /etc/maintenance ]; then
    logger -t gate "skipped: $*"
    exit 0
fi
exec "$@"
```

यादीतली ओळ मग अशी दिसते:

```
30 23 * * * /usr/local/bin/gate /opt/society/interest.sh
```

याद्यांत हा बदल एकदाच करायचा. त्यानंतर `/etc/maintenance` नावाची फाइल तयार केली की नवे काम सुरू होत नाही. ती पुसली की वेळापत्रक पूर्ववत. ती फाइल हीच कळ. तिची जागा विचारपूर्वक निवडावी लागते. `/run` मधल्या फाइली सर्व्हर पुन्हा सुरू होताना नाहीशा होतात, म्हणजे तिथे ठेवलेली कळ नेमकी नको त्या क्षणी आपोआप उघडते. सर्व्हर अनेक असतील तर कळ एखाद्या सामाईक ठिकाणी ठेवावी लागते, आणि तिथे डेटाबेसमधल्या टेबलाचा मोह होतो. पण देखभाल त्याच डेटाबेसची असेल, तर बरोबर त्या चार तासांत कळ वाचता येणार नाही.

कळ दाबल्यामुळे नवी कामे थांबतात, आधीच सुरू झालेली नाहीत. दहा पंचावन्नला सुरू झालेला एसएमएसचा जॉब अकरा वाजून दोन मिनिटांपर्यंत चालू असू शकतो. स्क्रिप्टमधल्या `flock` च्या ओळी त्यासाठीच आहेत. प्रत्येक काम संपेपर्यंत सामाईक कुलूप धरून ठेवते. अशी कुलुपे अनेक कामे एकाच वेळी धरू शकतात. देखभाल करणारा फाइल तयार करून मग पुढील आज्ञा देतो:

```
flock -x /var/lib/jobs.lock true
```

ही आज्ञा एकट्यासाठीचे कुलूप मागते आणि सगळी चालू कामे संपेपर्यंत थांबून राहते. ती परत आली की या दारातून गेलेले एकही काम चालू नाही, अशी खात्री होते. अर्धा तास झाला तरी ती परत येत नसेल, तर कुठलेतरी काम अडकलेले आहे, आणि ते डेटाबेस बंद करण्याआधी कळलेले बरे.

खरी अवघड बाजू कळ उठवताना समोर येते. क्रॉन हुकलेली कामे आठवणीत ठेवत नाही. वेळ गेली की गेली. चार तासांत एसएमएसच्या अठ्ठेचाळीस फेऱ्या हुकल्या, पण त्याचे काही बिघडत नाही. पुढची एकच फेरी साचलेले सगळे संदेश उचलते. व्याजाचे तसे नाही. शनिवारचे व्याज मोजलेच पाहिजे, आणि रविवारी पहाटे तीनला ते हाताने चालवले तर स्क्रिप्ट घड्याळाकडे पाहून रविवारची तारीख धरण्याचा धोका असतो. म्हणून अशा कामांना तारीख बाहेरून देण्याची सोय हवी. कळ लागलेली असतानाच, दाराला वळसा घालून, शनिवारच्या तारखेने व्याज चालवावे, बेरीज तपासावी आणि मगच फाइल पुसावी. बॅकअप तर देखभालीच्या आधीच घेऊन ठेवण्यात शहाणपण आहे.

कळ उठवायला विसरणे हा सर्वात हमखास घडणारा प्रकार, आणि तो लवकर लक्षात येत नाही. काहीच बिघडलेले दिसत नाही. नुसते काहीच होत नसते. यावर ठरलेल्या वेळी कळ आपोआप उठावी, असे काही जण सुचवतात. ते धोक्याचे आहे, कारण देखभाल लांबली तर कामे अर्धवट डेटाबेसवर धावतील. त्यापेक्षा फाइलमध्ये काम संपण्याची वेळ आणि जबाबदार माणसाचे नाव लिहावे, आणि ती वेळ उलटूनही फाइल दिसली तर बोंब मारणारे एक छोटे काम या दाराबाहेर ठेवावे.

काही साधनांत ही सोय मुळातच असते. लॅरावेलमध्ये `php artisan down` दिल्यावर वेळापत्रकातली कामे थांबतात, आणि तरीही चालायलाच हवीत अशांना `evenInMaintenanceMode` लावून सूट देता येते. मायएसक्यूएलमध्ये `SET GLOBAL event_scheduler = OFF;` एवढ्याने डेटाबेसमधले सगळे ठरलेले इव्हेंट थांबतात. मात्र ही सेटिंग सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाही, आणि ८.० आवृत्तीपासून मूळ स्थिती ‘चालू’ अशीच आहे.

दारातून न जाणारे काम कुठलीही कळ थांबवू शकत नाही. एखाद्याने घाईत नवी ओळ थेट लिहिली, किंवा दुसऱ्या सर्व्हरवरून कुणी या डेटाबेसला जोडले गेले, तर फाइल असूनही ते काम चालेल. म्हणून देखभालीच्या आदल्या दिवशी सगळ्या वापरकर्त्यांच्या याद्या काढून ज्या ओळींत `gate` नाही त्या वेगळ्या कराव्यात, आणि त्यातली प्रत्येक ओळ मुद्दाम बाहेर ठेवली आहे की राहून गेली आहे, हे ती लिहिणाऱ्याला विचारावे.