लक्ष्य बरोबर, पण मुदत पुरेल का?

चार्ट किंमत सांगतो, तारीख सांगत नाही. ऑप्शन घेणाऱ्याचे पैसे बहुतेक वेळा इथेच जातात.

समजा, निफ्टी बरेच दिवस 24,300 ते 25,000 या पट्ट्यात अडकला होता आणि आता तो 25,000 वर येऊन ब्रेकआउट देतो आहे. पट्ट्याची उंची 700 अंक, म्हणून चार्टवरचं लक्ष्य 25,700. एक्स्पायरीला सात दिवस आहेत. 25,700 चा कॉल अवघ्या आठ रुपयांना मिळतो, आणि स्वस्त म्हणून लोक तो उचलतात.

त्याआधी ऑप्शन चेन उघडून 25,000 च्या, म्हणजे चालू भावाच्या स्ट्राइकचा कॉल आणि पुट पाहावा. कॉल 175 आणि पुट 155 असेल तर बेरीज होते 330. या जोडीला स्ट्रॅडल म्हणतात. या सात दिवसांत निफ्टी कुठल्याही बाजूला साधारण किती हलेल, याचा बाजाराने लावलेला हा भाव. म्हणजे पट्टा झाला 24,670 ते 25,330. आपल्याला हवी असलेली चाल त्याच्या दुपटीहून मोठी आहे. याच भावांवरून गणित केलं, तर एक्स्पायरीला निफ्टी 25,700 च्या वर बंद होण्याची शक्यता शंभरात जेमतेम पाच निघते. तो कॉल आठ रुपयांना मिळतो, तो यामुळेच.

मग चार्ट चुकला का? तसं नाही. मुदत चौपट केली की अपेक्षित चाल चौपट होत नाही, साधारण दुप्पट होते. अठ्ठावीस दिवसांच्या ऑप्शनमध्ये तीच बेरीज 660 च्या आसपास दिसेल, आणि 700 अंकांचं लक्ष्य आवाक्यात येईल. त्याचा प्रीमियम अर्थातच जास्त पडेल.

हा पट्टा म्हणजे भिंत नव्हे. गणिताप्रमाणे दहातल्या चार वेळा भाव त्याच्या बाहेर बंद होऊ शकतो. 4 जून 2024 ला, लोकसभेच्या निकालादिवशी, निफ्टी एका दिवसात जवळजवळ सहा टक्के कोसळला होता. शिवाय हा आकडा दिशा सांगत नाही. ती चार्टवरूनच ठरवायची. आणि निकाल किंवा बजेट तोंडावर असेल तर प्रीमियम आधीच फुगलेले असतात. घटना पार पडली की ते झपकन उतरतात, आणि दिशा बरोबर असूनही कॉल तोट्यात जातो.

कमी उलाढालीच्या शेअरमध्ये आणखी एक फसगत होते. तिथे शेवटचा व्यवहार दोन तासांपूर्वीचा असू शकतो, त्यामुळे तो भाव न धरता खरेदी-विक्रीच्या चालू बोलींचा मध्य घ्यावा.

लक्ष्य स्ट्रॅडलच्या बेरजेच्या आत असेल तर सौदा विचारात घ्या. दुपटीच्या पुढे असेल तर पुढच्या महिन्याची एक्स्पायरी पाहा, नाहीतर तो कॉल सोडून द्या.