वडिलांचं डायलिसिस आणि साहेबांना पत्र

‘वडील आजारी असल्याने कामाच्या वेळेत सवलत मिळावी,’ एवढ्या ओळीवर कुठलाही साहेब सही करायला कचरतो. किती तास आणि कधीपर्यंत, हे त्यातून कळतच नाही. डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास चालतं. म्हणून थेट लिहावं: ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी एकला निघेन. ही व्यवस्था तीन महिन्यांसाठी. दुपारची बिलं सहकारी पाहतील, त्यांच्याशी बोललो आहे.’

खासगी नोकरीत ही सवलत सहसा कायद्याने हक्काची नसते, त्यामुळे पगार किती कापणार ते आधीच विचारावं. मूळ पगार घटला तर पीएफही घटू शकतो. पूर्ण वेळ परतण्याची तारीख आणि साहेबांचा होकार, दोन्ही लेखी हवेत. मधेच साहेब बदलले तर तोंडी बोलणं नव्या माणसाला ठाऊक नसतं.