गवंडी रोजावर की उक्त्यावर? गैरसमज आणि वस्तुस्थिती

घराच्या किरकोळ दुरुस्तीसाठी गवंड्याला मजुरी देण्याच्या दोन रीती रूढ आहेत. रोजावर काम दिले तर मिस्त्री आणि बिगारी यांना हजेरीप्रमाणे पैसे मिळतात, मग काम कितीही होवो. उक्ते दिले तर संपूर्ण कामाची किंवा चौरस फुटाची रक्कम आधी ठरते, मग दिवस कितीही लागोत. रोजावर वेळेचा धोका मालकाकडे असतो, उक्त्यात तो गवंड्याकडे जातो. पुढचे बहुतेक गैरसमज हा फरक लक्षात न घेतल्याने होतात.

गैरसमज १ : उक्ते काम स्वस्त पडते.

वस्तुस्थिती : जे काम आधी मोजता येते, तेच उक्त्यावर स्वस्त पडते. जुन्या भिंतीत आत काय आहे हे गिलावा उतरवल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे जाणता गवंडी न दिसणाऱ्या कामाचे पैसे दरात आधीच धरतो.

उदाहरणार्थ, ओल आलेली १२ बाय १० फुटांची आतली भिंत घेऊ. ओलीचे मूळ, म्हणजे गळका पाइप, आधीच दुरुस्त झाला आहे. आता जुना गिलावा काढून नवा करायचा आहे आणि सामान मालकाचे आहे. मिस्त्री-बिगारी जोडीचा रोज १,५०० रुपये धरू. विटा शाबूत निघाल्या, तर तोडायला १ आणि गिलाव्याला २ असे ३ दिवस लागून ४,५०० रुपये होतात. उक्ता दर मात्र ६,००० रुपये सांगितला जातो. वरचे १,५०० रुपये अनिश्चिततेचे असतात. आता लोणा लागून विटा भुसभुशीत झालेल्या निघाल्या आणि त्या बदलायला २ दिवस वाढले, तर रोजावर ७,५०० रुपये होतात. अशा वेळी ६,००० रुपयांत काम घेतलेला गवंडी वाढीव पैसे मागतो, नाहीतर भुसभुशीत विटांवरच गिलावा चढवतो. दुसरा प्रकार मालकाला उशिरा कळतो, कारण काही महिन्यांत तिथला गिलावा फुगून सुटतो.

गैरसमज २ : रोजावरचा गवंडी काम रेंगाळवतोच.

वस्तुस्थिती : पुष्कळदा रोज वाया जातो तो मालकाच्या तयारीअभावी. वाळू चाळलेली नसणे, सिमेंटची गोणी दुपारी येणे, पाण्याचे पिंप रिकामे असणे, अशा कारणांनी जोडीचा अर्धा दिवस सहज जातो. १०० चौरस फुटांच्या आतल्या गिलाव्याला १:४ मालात साधारण सव्वा गोणी सिमेंट लागते आणि भिंत ओबडधोबड असेल तर त्याहून जास्त. हे सामान आदल्या दिवशी आणून ठेवावे. नुसती तोडफोड असेल त्या दिवशी मिस्त्रीची गरज नसते, दोन बिगारी पुरतात. दिवसाचे काम सकाळीच ठरवले, की संध्याकाळी हजेरी मांडताना ते पडताळता येते.

गैरसमज ३ : उक्ते दिले की लक्ष द्यावे लागत नाही.

वस्तुस्थिती : उक्त्यात लवकर उरकण्यात गवंड्याचा फायदा असतो, म्हणून देखरेख उलट जास्त लागते. घाईत सहसा तीन गोष्टी सुटतात : विटांचे सांधे खरवडणे, भिंत आधी भिजवणे आणि नंतर पाणी मारणे. नव्या गिलाव्याला किमान ७ दिवस पाणी लागते. ते कोण मारणार, हे आधीच ठरवावे. गिलावा सुकल्यावर थापीच्या मुठीने ठोकून पाहावा. जिथे पोकळ आवाज येतो, तिथे गिलाव्याने भिंत धरलेली नसते. शेवटचा हप्ता ही तपासणी होईपर्यंत राखून ठेवावा.

गैरसमज ४ : ठरलेला आकडा म्हणजे पूर्ण खर्च.

वस्तुस्थिती : त्या आकड्यात काय येते, यावरच भांडणे होतात. राडारोडा खाली नेणे, परांची, सामान वर चढवणे, खिडकीच्या कडा आणि खिडकी-दाराच्या मापाची वजावट, यांतले काय दरात धरले आहे ते कागदावर लिहावे. चौरस फुटाचा दर असेल, तर काम झाल्यावर दोघांनी मिळून माप घ्यावे.

गैरसमज ५ : दोन्हींपैकी एकच रीत निवडावी लागते.

वस्तुस्थिती : एकाच कामाचे दोन भाग करता येतात. वरच्या उदाहरणातल्या भिंतीत तोडणे रोजावर दिले, तर १,५०० रुपये होतात. विटा उघड्या पडल्यावर दोघांनी त्या पाहाव्यात आणि १२० चौरस फुटांचा गिलावा ३० रुपये दराने उक्ता ठरवावा. त्याचे ३,६०० रुपये धरून एकूण ५,१०० होतात. विटा खराब निघाल्या, तर त्या बदलण्याचे २ रोज म्हणजे ३,००० रुपये वाढून खर्च ८,१०० रुपयांवर जातो. हा खर्च निव्वळ रोजापेक्षा ६०० रुपयांनी जास्त आहे, पण गिलाव्याला दिवस वाढले तरी त्याचा बोजा मालकावर पडत नाही आणि खराब विटा झाकण्यात गवंड्याचाही फायदा उरत नाही.

गळती शोधणे, तडे भरणे किंवा एक-दोन लाद्या बदलणे एवढेच काम असेल, तर ते रोजावर द्यावे. उघडी, मोजता येणारी भिंत किंवा फरशी असेल, तर उक्ते सोयीचे पडते.