उणीव आणि वरकड : कमाल गुण शोधण्याचा हिशेब

शेकडेवारीच्या धड्यात आणि नोकरभरतीच्या बहुतेक परीक्षांत एक प्रश्न हमखास भेटतो. एका विद्यार्थ्याला ३० टक्के गुण मिळाले आणि तो ३० गुणांनी नापास झाला. त्याच परीक्षेत एका विद्यार्थिनीला ४२ टक्के गुण मिळाले आणि ते उत्तीर्ण होण्यासाठी लागणाऱ्या गुणांपेक्षा ४२ ने जास्त होते. तर परीक्षा एकूण किती गुणांची होती?

या प्रश्नात दोन गोष्टी अज्ञात आहेत. परीक्षेचे कमाल गुण माहीत नाहीत आणि उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात हेही माहीत नाही. माहिती मात्र दोन वेगवेगळ्या मापांत दिली आहे. ३० आणि ४२ टक्के हे शंभराच्या मापात आहेत. ३० गुणांची उणीव आणि ४२ गुणांचे वरकड हे प्रत्यक्ष गुणांच्या मापात. ही दोन मापे एकमेकांशी जोडता आली की उत्तर हाती येते.

त्यासाठी एक उभी पट्टी डोळ्यांसमोर आणावी. तळाशी शून्य, माथ्यावर कमाल गुण आणि मध्ये कुठेतरी उत्तीर्णतेची रेषा. विद्यार्थी या रेषेच्या ३० गुण खाली आहे, तर विद्यार्थिनी ४२ गुण वर. म्हणजे त्या दोघांमधले अंतर ३० अधिक ४२, असे ७२ गुणांचे झाले. हेच अंतर टक्क्यांत मोजले तर ४२ वजा ३०, म्हणजे १२ टक्के येते. एकाच अंतराची ही दोन मोजमापे आहेत, म्हणून १२ टक्के म्हणजेच ७२ गुण. मग १ टक्का म्हणजे ६ गुण आणि १०० टक्के म्हणजे ६०० गुण. परीक्षा ६०० गुणांची होती.

उत्तीर्णतेची रेषा आता आपोआप सापडते. विद्यार्थ्याला ६०० पैकी ३० टक्के, म्हणजे १८० गुण मिळाले; त्यात उणीव असलेले ३० मिळवले की २१० होतात. विद्यार्थिनीला ४२ टक्के, म्हणजे २५२ गुण मिळाले. त्यातून वरकड ४२ वजा केले की पुन्हा २१० च येतात. दोन्ही वाटांनी एकच संख्या आली, हा या हिशेबाचा ताळा. ६०० पैकी २१० म्हणजे ३५ टक्के.

बीजगणिताच्या भाषेत कमाल गुण क्ष मानले, तर दोघांच्या माहितीतून उत्तीर्णतेचे गुण दोन प्रकारे लिहिता येतात आणि ते समान असतात :

०.३० क्ष + ३० = ०.४२ क्ष − ४२

यातून ०.१२ क्ष = ७२ आणि क्ष = ६०० मिळते. पट्टीवरचे अंतर आणि हे समीकरण एकच गोष्ट सांगतात. उत्तीर्णतेचे गुण दोन्ही बाजूंना असल्यामुळे ते हिशेबातून गळून जातात, आणि म्हणूनच ते आधी माहीत नसले तरी अडत नाही.

हा विचार फार जुना आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘जिउझांग सुआनशू’ या चिनी गणितग्रंथाचे सातवे प्रकरण नेमके जास्त आणि अपुरे यांच्या हिशेबाचे आहे. त्यातल्या पहिल्या उदाहरणात काही माणसे मिळून एक वस्तू विकत घेतात. प्रत्येकाने ८ नाणी दिली तर ३ जास्त होतात. प्रत्येकाने ७ दिली तर ४ कमी पडतात. माणशी १ नाण्याच्या फरकाने एकूण रकमेत ३ अधिक ४, म्हणजे ७ नाण्यांचा फरक पडला, म्हणून माणसे ७ आणि वस्तूची किंमत ५३. वस्तूच्या किमतीच्या जागी उत्तीर्णतेचे गुण आणि माणशी वर्गणीच्या जागी टक्के ठेवले की हाच प्रश्न परीक्षेचा होतो.

या प्रकारात सर्वांत जास्त होणारी चूक बेरीज-वजाबाकीची आहे. वरच्या उदाहरणात टक्क्यांची वजाबाकी करायची असते, म्हणून सवयीने गुणांचीही वजाबाकी केली जाते. ४२ वजा ३० म्हणजे १२ गुण, ते १२ टक्क्यांएवढे, म्हणून १ टक्का म्हणजे १ गुण आणि परीक्षा १०० गुणांची! उत्तर इतके सुबक दिसते की पर्यायांत १०० असेल तर हात तिकडेच जातो. ताळा पाहिला की चूक लगेच कळते. १०० पैकी ३० गुण मिळवून आणखी ३० कमी पडले, तर उत्तीर्णतेचे गुण ६० ठरतात. ४२ गुणांतून ४२ वरकड काढले, तर ते शून्य ठरतात. एकाच परीक्षेची रेषा ६० वर आणि शून्यावर अशी दोन्हीकडे असू शकत नाही.

बेरीज करायची की वजाबाकी, हे दोघे रेषेच्या कोणत्या बाजूला आहेत यावर ठरते. एक खाली आणि एक वर असेल तर अंतरांची बेरीज होते. दोघेही एकाच बाजूला असतील तर वजाबाकी. समजा त्याच ६०० गुणांच्या परीक्षेत एकाला २५ टक्के मिळाले आणि तो ६० गुणांनी नापास झाला. दुसऱ्याला ३२ टक्के मिळाले आणि तोही १८ गुणांनी नापास झाला. दोघेही रेषेच्या खाली आहेत. त्यांच्यामधले अंतर ६० वजा १८, म्हणजे ४२ गुण. टक्क्यांत ते ७. म्हणून १ टक्का म्हणजे ६ गुण. दोघेही उत्तीर्ण झालेले असतील तेव्हाही असेच होते : ४० टक्क्यांना ३० गुण वरकड आणि ४७ टक्क्यांना ७२ गुण वरकड असतील, तर ७ टक्के म्हणजे ४२ गुण. नियम पाठ करण्यापेक्षा पट्टीवर दोन खुणा करून रेषा कुठे पडते ते पाहणे जास्त भरवशाचे.

दुसरी चूक गृहीत धरण्याची आहे. महाराष्ट्रात दहावीला उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के लागतात, ही गोष्ट मनात इतकी पक्की बसलेली असते की प्रश्नात न सांगताच ती वापरली जाते. पण प्रत्येक परीक्षेचा निकष निराळा असतो. केंद्रीय मंडळाच्या शालेय परीक्षेत तो ३३ टक्के आहे, आणि उदाहरणातल्या काल्पनिक परीक्षेत तो कितीही असू शकतो. समजा २८ टक्के मिळवणारा २४ गुणांनी नापास झाला आणि ३६ टक्के मिळवणाऱ्याला १६ गुण जास्त मिळाले. ८ टक्के म्हणजे २४ अधिक १६, म्हणजे ४० गुण. १ टक्का म्हणजे ५ गुण. परीक्षा ५०० गुणांची. उत्तीर्णतेचे गुण १४० अधिक २४, म्हणजे १६४, आणि ते होतात ३२.८ टक्के. इथे ३५ टक्के गृहीत धरले, तर पहिल्याच्या माहितीतून ७ टक्के म्हणजे २४ गुण आणि दुसऱ्याच्या माहितीतून १ टक्का म्हणजे १६ गुण, अशी न जुळणारी दोन उत्तरे येतात. ती जुळत नाहीत, यावरूनच गृहीतक चुकीचे असल्याचे समजते.

उत्तीर्णतेची टक्केवारी प्रश्नातच दिली असेल, तर मात्र एकाच विद्यार्थ्याची माहिती पुरते. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के लागतात आणि ३० टक्के मिळवणारा ३० गुणांनी नापास झाला, एवढे कळले की ५ टक्के म्हणजे ३० गुण आणि कमाल गुण ६००. टक्केवारी दिलेली नसेल आणि विद्यार्थीही एकच असेल, तर उत्तर काढता येत नाही. कमाल गुण ४०० मानले तर रेषा १५० वर येते, ५०० मानले तर १८० वर. दिलेल्या माहितीला दोन्ही चालतात. अज्ञात दोन असतील तर माहितीही दोन हव्यात.

भाषेतही एक खाच आहे. ‘३० गुणांनी नापास’ आणि ‘उत्तीर्णतेच्या गुणांपेक्षा ५ टक्के कमी’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उत्तीर्णतेचे गुण २१० असतील तर त्यांचे ५ टक्के म्हणजे साडेदहा गुण. कमाल गुण ६०० चे ५ टक्के म्हणजे ३० गुण. टक्के कशाचे, हे वाक्यातून आधी ठरवावे लागते.

हाच धागा एकत्रित टक्केवारीच्या प्रश्नांतही उपयोगी पडतो. अनेक परीक्षांत सर्व पेपर मिळून ठरावीक टक्के लागतात. पेपरचे कमाल गुण सारखे नसतील तर टक्क्यांची सरासरी काढून चालत नाही. समजा पहिला पेपर २०० गुणांचा आणि दुसरा १०० गुणांचा आहे, आणि एका उमेदवाराला त्यांत अनुक्रमे ५० व ३२ टक्के मिळाले. टक्क्यांची सरासरी ४१ येते. प्रत्यक्षात त्याला १०० अधिक ३२, म्हणजे ३०० पैकी १३२ गुण आहेत आणि ते ४४ टक्के होतात. एकत्रित ४२ टक्के लागत असतील, तर सरासरी त्याला नापास ठरवेल. खऱ्या हिशेबात त्याचे ६ गुण वरकड आहेत.

एखाद्या पेपरचे कमाल गुण शोधायचे असतील तर इथे वरकड उणिवेला भागवते. पहिल्या २०० गुणांच्या पेपरात ५५ टक्के, दुसऱ्यात २५ टक्के आणि एकत्रित नेमके ४५ टक्के मिळाले. पहिल्या पेपरात ४५ टक्क्यांपेक्षा १० टक्के जास्त आहेत, म्हणजे २० गुण वरकड. दुसऱ्यात २० टक्के कमी आहेत. एकत्रित टक्केवारी नेमकी ४५ झाली, याचा अर्थ पहिल्याच्या वरकडाने दुसऱ्याची उणीव पूर्ण भरून काढली. म्हणून दुसऱ्या पेपरचे २० टक्के म्हणजे २० गुण, आणि तो पेपर १०० गुणांचा. ताळा : ११० अधिक २५, म्हणजे ३०० पैकी १३५ गुण, आणि ते ४५ टक्केच.