पाण्याची भरलेली बाटली

सप्टेंबरमध्ये बदलीचा आदेश आला आणि आम्ही चिपळूण सोडून सोलापूरला आलो. थोरली अकरावीत, तिचे प्रश्न निराळे. धाकटा चौथीत, नऊ वर्षांचा.

आम्हाला भीती कागदपत्रांची होती. शाळा सोडल्याचा दाखला यायला तीन आठवडे लागले. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ सांगते की, दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी वा अनुदानित शाळेला आठवीपर्यंतचा प्रवेश रोखता येत नाही. मुख्याध्यापकांना आम्ही तेवढेच नम्रपणे सांगितले आणि मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात बसला. आम्ही अल्लाहचे आभार मानून मोकळे झालो. खरी अडचण पुढेच होती.

आठवड्याभरात रोज सकाळी त्याच्या पोटात दुखू लागले. डॉक्टरांना काही सापडेना. नानीने फोनवर नजर काढायला सांगितली, तीही काढली! मग लक्षात आले की रविवारी पोट दुखत नाही. म्हणजे कारण शाळेत होते. पण विचारले की तो "काही नाही" म्हणे. मुलाला चिपळूणला नाना-नानींकडे परत पाठवावे, असेही घरात बोलणे झाले.

उलगडा झाला तो बाटलीमुळे. डबा धुताना त्याच्या अम्मीने पाहिले, तर पाणी सकाळी भरले तसेच होते. सलग तीन दिवस हेच. रात्री दिवा मालवल्यावर तिने "पाणी का पीत नाहीस?" एवढेच विचारले, तेव्हा तो रडला. लघवीला जायचे कुठे, हे त्याला ठाऊक नव्हते. पहिल्या दिवशी बाईंना विचारायला उभा राहिला, तर त्याच्या कोकणी हेलाला वर्ग हसला. तेव्हापासून तो पाणीच पीत नव्हता आणि घरी येईपर्यंत दाबून ठेवत होता. त्यानेही पोट दुखते, हे डॉक्टरांनी नंतर समजावले. ताप आला किंवा लघवीला जळजळ झाली तर लगेच घेऊन या, असेही ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर अब्बूंनी त्याच्यासोबत पूर्ण इमारत फिरून पाहिली: स्वच्छतागृह, नळ, मागचा जिना. हसण्याची तक्रार वर्गासमोर न करता बाईंना एकट्या गाठून सांगितली. त्यांनी त्याची जागा बदलून आमच्याच गल्लीतल्या एका मुलाशेजारी बसवले आणि मधल्या सुट्टीत दोघांना सोबत जायला सांगितले. त्या मुलाला आम्ही जुम्याच्या दिवशी जेवायला बोलावले. पाच-सहा मुलांना एकदम बोलावण्याचा बेत आम्ही मुद्दाम टाळला, कारण गर्दीत आमचा मुलगा पुन्हा गप्प बसला असता.

पोटदुखी थांबायला आणखी दोन आठवडे गेले. मधे एका सोमवारी ती परतही आली. परवा मात्र बाटली रिकामी आली, आणि वर तक्रार की, "अम्मी, ही लहान पडते."